भिंतीवर काय लिहायचं

मंडळी, तुम्ही दिलेली घोषणांची यादी काल रात्री वाचली. तीसेक घोषणा आहेत आणि त्यातल्या निम्म्यांत 'पाणी हेच जीवन' कुठल्या ना कुठल्या रूपात आलंय. आपल्या गावात मार्चपासून टँकरची वाट बघणाऱ्या बाईला हे भिंतीवर लिहून सांगायची काय गरज आहे? तिला माहितीय. भिंतीनं तिला न माहिती असलेलं काहीतरी सांगावं, नाहीतर रंग वाया.

आता शाळेचीच भिंत घ्या. शाळेचा पत्रा साधारण १०० चौरस मीटर आहे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी होतं, हा हिशोब पोरांनासुद्धा तोंडपाठ होतो. आपल्याकडं ४०० मिलिमीटर पाऊस धरला तर झाले ४० हजार लिटर, त्यातलं उडालं, सांडलं, पहिल्या पावसाचं घाण पाणी सोडून दिलं असं २० टक्के वजा करा, तरी ३२ हजार राहतात, म्हणजे दहा हजारी टँकर तीन. मग मी तिथं असं लिहीन:

'या पत्र्यावरचं ३ टँकर पाणी दरवर्षी जातं कुठं?'

बोअरचं सांगतो, कारण खरं दुखणं तिथंच आहे. एकानं २०० फूट मारली की शेजारी ३०० मारतो, आणि खालचं पाणी बऱ्याचदा दोघांचं एकच असतं. म्हणून पारासमोरच्या भिंतीला, जिथं संध्याकाळी शेतकरी बसतात:

'तू दोनशे, मी तीनशे,
खाली पाणी उरलं कितीसे?'

ही ओळ शाळेवर लिहू नका, पोरं काय बोअर मारत नाहीत. जो माणूस त्या भिंतीसमोर थांबतो त्याच्या हातात जे आहे तेच तिथं लिहायचं.

रंगाचं पण ऐका. मागच्या वेळी आम्ही ओल धरलेल्या भिंतीवर ऑइलपेंट मारला, आतून लोणा आला आणि पहिल्याच पावसाळ्यात अक्षरांचे पापुद्रे निघाले. भिंत आधी पूर्ण वाळू द्या, लोणा घासून काढा, मग प्रायमर. जमिनीपासून दोन फूट मोकळं सोडा, पावसात चिखल तिथंच उडतो. आणि सात-आठ शब्दांपुढं जाऊ नका, मोटरसायकलवरचा माणूस तेवढंच वाचतो.

एक भिंत मात्र घोषणेशिवाय ठेवा, ग्रामपंचायतीची. हिवरे बाजारला पावसाळा संपला की गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडतात, किती पाऊस झाला त्यावरून रब्बीला काय पेरायचं ते ठरतं, कमी पाऊस असेल तर जास्त पाण्याची पिकं घेत नाहीत. आपल्या त्या भिंतीवर फक्त काळा चौकोन रंगवा, वर पक्क्या रंगात 'आजवर पडलेला पाऊस' आणि 'पाणवठ्याच्या विहिरीत पाणी किती फुटांवर', खाली आकडे खडूनं. पर्जन्यमापक सकाळी साडेआठला बघायचा, रोज, पाऊस नसला तरी शून्य लिहायचं. हे कोण करणार ते नाव आत्ताच ठरवू, रंगारी उद्या येतोय.