आठवड्यातून दोनदा की दोन आठवड्यांतून एकदा?

(दृश्य: पांढरी बशी, तिच्यात चार पिवळ्या गोळ्या)

या चार गोळ्या. प्रत्येकी अडीच मिलिग्रॅमची. औषधाचं नाव मेथोट्रेक्सेट. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस नावाच्या संधिवातात हे औषध देतात, आणि ते रोज घ्यायचं नसतं, आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात, माणूस दगावूही शकतो.

(दृश्य: डोंबिवलीतलं घर, खिडकीजवळचं टेबल, कागदांची चळत, पेन्सिल)

पण आपली गोष्ट गोळ्यांची नाही, या कागदांची आहे. रुग्णांना द्यायचं इंग्रजी माहितीपत्रक, नऊ पानं, साधारण चोवीसशे शब्द. मराठी करून द्यायला मुदत तीन दिवसांची. टेबलाशी बसलेल्या बाई गेली अनेक वर्षं वैद्यकीय भाषांतर करतात. पहिली दुपार संपेपर्यंत त्यांनी मराठीचा एक शब्दही लिहिलेला नाही. हातात पेन्सिल आहे आणि समासात प्रश्नचिन्हं पडतायत.

पूर्ण मजकूर एकदा सलग वाचल्याशिवाय ग्राहकाला एकही प्रश्न विचारायचा नाही, हा त्यांचा नियम. कारण दुसऱ्या पानावरच्या शंकेचं उत्तर बऱ्याचदा सहाव्या पानावर असतं, आणि ते न वाचता विचारलं की समोरचा पुढचे प्रश्नही गांभीर्यानं घेत नाही. या कागदांवर सतरा प्रश्नचिन्हं पडली. सहांची उत्तरं मजकुरातच सापडली. उरली अकरा.

(दृश्य: संगणकाचा पडदा, एक्सेलचा तक्ता)

ही ती शंकांची यादी. रकाने बघा. पान आणि ओळ, मूळ वाक्य जसंच्या तसं, शंका काय, पर्याय अ, पर्याय ब, आणि शेवटी ग्राहकाच्या उत्तरासाठी रिकामी जागा. ‘हे वाक्य कळलं नाही’ असं या तक्त्यात कुठेही नाही. दोन्ही अर्थ पूर्ण लिहून दाखवलेत, म्हणजे उत्तर देणाऱ्याला फक्त अ किंवा ब टाकायचं आहे. तो माणूस मराठी जाणत नसेल, म्हणून पर्याय इंग्रजीत आणि खाली त्यांचं मराठी.

पहिली शंका दुसऱ्या पानावरची. ‘बायवीकली ब्लड टेस्ट.’ रक्ततपासणी आठवड्यातून दोनदा की दोन आठवड्यांतून एकदा? इंग्रजी शब्दकोश दोन्ही अर्थ देतो, आणि इंग्रजी वाचणाराही इथे अडखळतोच. बाईंना वैद्यकाची माहिती आहे. सुरुवातीच्या काळात ही तपासणी दर दोन आठवड्यांनी करायची पद्धत त्यांना ठाऊक आहे. तरी त्यांनी ते परस्पर ठरवलं नाही. आठव्या पानावर तपासणीच्या तारखांची चौकट आहे, तिच्यावरून उलगडा होईल म्हणून त्या तिथे गेल्या. चौकट रिकामी.

(दृश्य: रिकाम्या चौकटीवर टेकलेलं पेन्सिलीचं टोक)

याच शंकेला त्यांनी एक पुरवणी जोडली आहे, आणि ती इंग्रजीबद्दल नाही, आपल्याबद्दल आहे. आपण आठवड्याला ‘आठ दिवस’ म्हणतो आणि दोन आठवड्यांना ‘पंधरा दिवस’. सोमवारी दवाखान्यात ‘आठ दिवसांनी या’ म्हटलं, की आपण पुढच्या सोमवारी जातो. पण एखाद्यानं कॅलेंडरवर बोट ठेवून आठ दिवस मोजले तर तो मंगळवारी पोचेल. बोलण्यात चालतं, औषधाच्या कागदावर नाही. म्हणून बाईंनी सुचवलंय की दिवसांचा आकडा टाळू, वाराचं नाव घेऊ.

तिसरी शंका मला सगळ्यात आवडली. ‘डू नॉट ड्रिंक अल्कोहोल ऑर टेक पेनकिलर्स विदाउट आस्किंग युवर डॉक्टर.’ डॉक्टरांना विचारण्याची अट शेवटी आली आहे. ती फक्त वेदनाशामक गोळ्यांना लागू, की दारूलाही? इंग्रजी वाक्य हा प्रश्न मोकळाच ठेवतं. मराठीत मात्र ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय’ हे शब्द कुठे ठेवायचे ते ठरवावंच लागतं. सुरुवातीला ठेवले तर अर्थ निघतो, विचारून घ्या आणि मग प्या.

(दृश्य: पडद्यावर एकाखाली एक दोन मराठी वाक्यं)

अ: दारू पिऊ नका. वेदनाशामक गोळ्याही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

ब: डॉक्टरांना विचारल्याशिवाय दारू पिऊ नका किंवा वेदनाशामक गोळ्या घेऊ नका.

आणि सातवी. ‘टेक फोर टॅब्लेट्स वीकली.’ आठवड्याला चार गोळ्या. एका ठरलेल्या वारी चारही एकदम, की चार दिवस रोज एक? वाक्यात वार नाही, ‘एकदम’ नाही. या ओळीला तक्त्यात लाल रंग आहे. लाल म्हणजे उत्तर येईपर्यंत हा भाग सुरू होणार नाही. पिवळ्या रंगाच्या शंकांवर काम थांबत नाही. तिथे ‘उत्तर न आल्यास अ धरून चालते’ असं लिहून ठेवलेलं असतं. वाचकाला ‘तुम्ही’ म्हणायचं की ‘आपण’, ही अशी पिवळी शंका. ‘आपण रिपोर्ट पाहू’ या वाक्यातलं ‘आपण’ म्हणजे डॉक्टर आणि रुग्ण मिळून, आणि पुढच्याच ओळीतलं ‘आपण गोळी घ्यावी’ म्हणजे एकटा रुग्ण. बाई ‘तुम्ही’वर ठाम आहेत. बाकीच्या शंका किरकोळ.

यादी करायला पावणेतीन तास गेले. त्यांचे पैसे मिळत नाहीत, दर शब्दावर असतो आणि इथे अजून शब्दच नाही. यादी थेट ग्राहकाकडे जातही नाही, मधल्या एजन्सीकडे जाते. तिथून ती पुढे सरकते की तिथेच पडून राहते, हे भाषांतरकाराला दिसत नाही.

(दृश्य: दुसऱ्या दिवशीची सकाळ, चहाचा कप, उघडलेली मेल)

उत्तर आलं. नऊ शंकांपुढे अ किंवा ब. शंका तीनपुढे अ, शंका एकपुढे दोन आठवड्यांतून एकदा. तिसऱ्या पानावरच्या एका ओळीपुढे मात्र लिहिलंय, ‘मुळाप्रमाणेच ठेवा.’ या धंद्यातलं हे सगळ्यात निरुपयोगी उत्तर, कारण मुळातले दोन अर्थ मराठीत एका वाक्यात मावत नाहीत, म्हणून तर विचारलं होतं. बाईंनी दोन्ही मराठी वाक्यं पुन्हा टाकली, खाली लिहिलं, ‘यातलं एकच छापता येईल, कोणतं?’ आणि मेल परत पाठवली.

सातव्या शंकेच्या रकान्यात अ नाही आणि ब पण नाही. तिथे एक नवं इंग्रजी वाक्य आलंय, वारासाठी रिकाम्या जागेसकट, आणि खाली एक ओळ: मूळ मजकूरच दुरुस्त केला आहे, नवी फाइल सोबत जोडली आहे.

(दृश्य: कीबोर्डवरची बोटं, मग पडदा)

दुपारी पावणेबारा. बाई मराठीचं पहिलं वाक्य टाइप करतायत, आणि सुरुवात सातव्या शंकेच्याच जागेपासून करतायत.

‘दर आठवड्याला फक्त एकाच दिवशी, म्हणजे दर ______वारी, चारही गोळ्या एकदम घ्या. इतर कोणत्याही दिवशी ही गोळी घेऊ नका.’

(दृश्य: रिकाम्या जागेवर लुकलुकणारा कर्सर, मग बशीतल्या चार गोळ्या)