घड्याळ कुणाच्या हातात?

(कंत्राटी सेवांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांसमोर केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

सेवास्तर करार, म्हणजे ज्याला आपण सगळे एसएलए म्हणतो, तो बहुतेक कार्यालयांत दोनदाच वाचला जातो. एकदा निविदा काढताना आणि एकदा भांडण झाल्यावर. मधली तीन-चार वर्षं दर महिन्याला कंत्राटदाराचा अहवाल येतो, त्यावर ‘९६ टक्के’ असं लिहिलेलं असतं आणि बिल पुढे सरकतं. आज मला त्या ९६ टक्क्यांबद्दलच बोलायचं आहे.

उदाहरण पथदिव्यांचं घेऊ, कारण दिवा लागलाय की नाही हे कुणालाही कळतं. समजा, करारात अट आहे की बंद दिव्याची तक्रार नोंदवल्यापासून ४८ तासांत दुरुस्ती झाली पाहिजे आणि महिन्यातल्या किमान ९५ टक्के तक्रारी या मुदतीत सुटल्या पाहिजेत. महिन्यात ४०० तक्रारी आल्या, त्यातल्या ३८४ वेळेत बंद झाल्या. ९६ टक्के. अट पूर्ण, कपात शून्य.

आता अहवाल बाजूला ठेवा आणि ज्या यादीवरून तो बनला ती मागवा. पीडीएफ नको, एक्सेलच मागा. तक्रार क्रमांक, खांब क्रमांक, नोंदीची वेळ, बंद केल्याची वेळ आणि कुणाच्या लॉगिनवरून बंद केली, एवढे पाच रकाने पुरे. यादी तारखेनुसार असते, ती खांब क्रमांकानुसार लावा. मग दिसतं की ४५ खांब सात दिवसांच्या आत दुसऱ्यांदा आलेत. दिवा लागला नव्हता, किंवा लागून दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. नागरिकाने पुन्हा फोन केला, नवा क्रमांक पडला आणि घड्याळ पुन्हा शून्यावर आलं. कंत्राटदाराच्या हिशेबात या दोन तक्रारी आहेत आणि दोन्ही वेळेत सुटल्या आहेत. रस्त्यावर मात्र एकच दिवा होता, तोही चार-पाच दिवस बंद.

या जोड्या एकत्र करून हिशेब पुन्हा मांडू. ४०० मधून ४५ गेल्या, खरे बिघाड उरले ३५५. वेळेत सुटलेल्या ३८४ मधून या जोड्यांच्या ९० नोंदी वजा केल्या, कारण पहिल्या फोनपासून मोजलं तर त्यातला एकही दिवा ४८ तासांत लागलेला नाही. उरल्या २९४. म्हणजे ८३ टक्क्यांच्या जवळपास. यात कुणी खोटी नोंद केली असं मी अजून म्हटलेलंच नाही. फक्त ‘तक्रार सुटली’ म्हणजे काय, हे करारात लिहायचं राहून गेलं होतं. ‘त्याच खांबाची तक्रार सात दिवसांत पुन्हा आल्यास ती मूळ तक्रारच समजली जाईल आणि वेळ मूळ नोंदीपासून मोजली जाईल’, एवढं एक वाक्य. कधीतरी त्याच खांबावर खरोखर नवा बिघाड होतो, तो पुराव्यानिशी वगळता येतो. पण तो वगळायचा निर्णय तुमचा, कंत्राटदाराचा नव्हे.

घड्याळ थांबवण्याची दुसरीही एक जागा असते. ‘बाह्य कारणास्तव प्रलंबित’ असा शेरा मारला की वेळ मोजली जात नाही. कधी पुरवठाच बंद असतो, कधी रस्ता खोदलेला असतो, त्यामुळे ही सोय हवीच. मात्र शेरा मारण्याचं बटण कंत्राटदाराच्या पर्यवेक्षकाकडे असेल तर ४७व्या तासाला बाह्य कारणं फार निघतात. मी एकदा अशी यादी पाहिली होती. तिच्यात रात्री ११ वाजून ४० मिनिटांनंतर दहा मिनिटांत एकाच लॉगिनवरून तीसेक तक्रारी बंद केलेल्या होत्या. शिडीची गाडी होती एक! त्या दिवशी मी काही शोधत नव्हतो, रकाना चुकून वेळेनुसार लावला गेला होता.

आकडे मोजणारा आणि आकड्यांवर पैसे घेणारा एकच असला की काय होतं, याचं नोंदलेलं उदाहरण इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचं आहे. दवाखाने बंद असतानाच्या वेळात डॉक्टर पुरवण्याचं काम तिथे सर्को या कंपनीकडे होतं. नॅशनल ऑडिट ऑफिसने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासणीत दिसलं की जानेवारी ते जून २०१२ या सहा महिन्यांत कामगिरीच्या नोंदींमध्ये २५२ वेळा फेरफार झाले होते आणि त्यामुळे काही निकषांवरची कामगिरी होती त्याहून चांगली दिसत होती. दरमहा अहवाल घेणाऱ्या कार्यालयाला केवळ अहवाल वाचून हे कळण्यासारखं नव्हतं.

म्हणून यादी वाचून झाली की नमुना तपासणी करायची. बंद झालेल्या तक्रारींतून ३० तुम्ही निवडा, चिठ्ठ्या टाकून किंवा संगणकाकडून. कुठल्या, हे आधी कुणाला सांगू नका. कंत्राटदाराच्या माणसाला ‘जरा दाखव’ म्हणालात की तो नवे दिवे लागलेल्या रस्त्यानेच नेणार. अंधार पडल्यावर जा. तीसच का? खोट्या बंद केलेल्या तक्रारी शंभरात दहा असतील, तर ३० च्या नमुन्यात एकही न सापडण्याची शक्यता शंभरात चार इतकीच उरते. मात्र शंभरात दोनच खोट्या असतील तर हा नमुना त्या बहुधा चुकवेल. मोठी लबाडी पकडायला तो पुरतो, बारीक चुका मोजायला नाही.

आता दंडाकडे येतो. ९५ टक्क्यांच्या खाली गेल्यास बिलातून ठरावीक कपात, असं लिहिलेलं असतं. मग ९४ झाले काय आणि ७० झाले काय, कपात तेवढीच. महिन्याच्या वीस तारखेला कंत्राटदाराला कळलं की या महिन्यात ९५ गाठत नाही, तर उरलेले दहा दिवस धावपळ करण्यात त्याला काही राम उरत नाही. टप्प्याटप्प्याने वाढणारी कपात ठेवली तर हे बरंचसं सुटतं. तिलाही कमाल मर्यादा असते, बऱ्याचदा मासिक बिलाच्या दहा टक्के. त्या मर्यादेला पोचलेल्या कंत्राटदाराला पुढच्या प्रत्येक चुकीचं मोल शून्य. म्हणून लागोपाठ ठरावीक महिने मर्यादा गाठली तर करार संपवण्याचा हक्क, हे कलम तिच्या शेजारीच असावं लागतं.

पण मला सगळ्यात जास्त खटकते ती वेगळीच गोष्ट. ज्या तक्रारीचे ४८ तास उलटून गेले, तिचं पुढे काय होतं? ती टक्क्यांत आधीच हरलेली असते. आता ती उद्या सोडवली काय आणि पुढच्या महिन्यात सोडवली काय, आकडा बदलत नाही. शहाणा पर्यवेक्षक गाडी ताज्या तक्रारीकडे पाठवतो, कारण तिथे अजून टक्का वाचवता येतो. म्हणजे सर्वांत जास्त दिवस अंधारात बसलेला माणूस आपल्याच अटीमुळे रांगेत शेवटी जातो. यात कंत्राटदाराची लबाडी नाही. आपण जे मोजतो तेच तो करतोय. याला उपाय म्हणजे दुसरं मोजमाप: महिनाअखेर सात दिवसांहून जुन्या किती तक्रारी उघड्या आहेत, आणि अशा प्रत्येक तक्रारीमागे दर दिवसाची वेगळी कपात. कपात त्याच महिन्याच्या बिलात करा. तीन-चार महिने साठवून ठेवलीत तर ती माफीच्या अर्जाची फाइल होते.

मघाशी एकाने विचारलं, आमच्याकडे दोनच माणसं आहेत, हे सगळं कधी करायचं? यादी खांबानुसार लावायला पाच मिनिटं लागतात. तीस ठिकाणी जाणं जमत नसेल तर तक्रारदारांना तीस फोन करा. निम्मे उचलतील. ‘दिवा लागला का हो?’ एवढंच विचारा. माझ्या पहिल्या फोनवर पलीकडच्या बाई म्हणाल्या होत्या, “कुठला, परवाचा की मागच्या महिन्यातला?”