बांगडा, सुरमई आणि पापलेट

[दृश्य: पहाट, मालवणच्या बाजूचा एक किनारा, रापण ओढणारी माणसं, ओल्या वाळूवर ओतलेली मासळी]

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, बाहेर आली की पहिली दहा मिनिटं नुसती निवडानिवड चालते, बांगडा एका पाटीत, सुरमई मिळाली तर वेगळी, पापलेट तर लगेच बाजूला, आणि या गर्दीत जो हाफपँटमधला पोरगा दिसतोय ना, त्याला यातल्या एकाही माशाचं नाव विचारायला लागत नाही. काळोखातसुद्धा हात लावून सांगतो. वय अकरा, पाचवीत आहे.

[दृश्य: वहीचं पान, क्लोजअप]

आणि ही त्याची वही. जूनमधली. काय लिहिलंय बघा. "काका बांगडा आणल." खाली, "आई सुरमई तळल." त्याच्या खाली "पापलेट आणल."

तिन्ही वाक्यांत क्रियापदाची शेवटची खूण गेलीय, पहिल्यात काना, दुसऱ्यात वेलांटी, तिसऱ्यात टिंब, आणि पहिल्या दोनात 'ने' पण गेलाय. पोरगा बोलताना हे सगळं बरोबर बोलतो, आम्ही स्वतः ऐकलं. त्याची आजी पडवीत बसल्या बसल्या म्हणाली, "बोलताना बरां बोलता, लिवताना खंय जाता काय म्हायत."

आधी जिथे शिकवणीला जायचा तिथे त्याला आळशी म्हणायचे, एकेक वाक्य वीस-वीस वेळा लिहायला लावायचे. विसाव्या वेळेलासुद्धा 'आणल'च. नंतर तपासणी झाली आणि डिस्लेक्सिया निघाला, म्हणजे हुशारी असूनही वाचायला-लिहायला जड जाणं.

[दृश्य: कौलारू घर, पडवी, बाई पिशवीतून लाकडी तुकडे काढतात]

आता या बाई. आठवड्यातले पाच दिवस संध्याकाळी येतात, दहा मिनिटं शिकवतात. दहा म्हणजे दहाच, फोनवर टायमर लावून. पोरगा रंगात आला तरी थांबवतात, कारण त्यांचं म्हणणं, अकराव्या मिनिटाला तो थकतो आणि मग अंदाजाने बोलायला लागतो आणि त्या अंदाजाचीच सवय लागते.

हे तुकडे नीट बघा. त्रिकोण आणि गोल. त्रिकोण म्हणजे नाम, गोल म्हणजे क्रियापद. ही आयडिया बाईंची नाही, माँटेसरी शाळांमध्ये शंभरेक वर्षांपासून शब्दांच्या जातींना अशा आकृत्या आहेत, तिथे नाम म्हणजे मोठा काळा त्रिकोण आणि क्रियापद म्हणजे लाल गोल. आणि ऐकायचं, बघायचं, हात लावायचा आणि तोंडाने म्हणायचं हे सगळं एकदम, ही पद्धत अमेरिकेतले डॉक्टर सॅम्युअल ऑर्टन आणि शिक्षिका अ‍ॅना गिलिंगहॅम यांच्या कामातून आली, तेही डिस्लेक्सियाच्याच मुलांसाठी.

पण बाईंनी एक बदल केला आणि मला वाटतं सगळी गंमत तिथेच आहे. माँटेसरीत रंग आणि आकार दोन्ही एकच गोष्ट सांगतात, शब्दाची जात. मराठीत तेवढ्याने भागत नाही, कारण आपलं क्रियापद लिंगाप्रमाणे शेपूट बदलतं. बांगडा आणला, सुरमई आणली, पापलेट आणलं. म्हणून बाईंनी जात आकारावर ठेवली आणि रंग मोकळा करून लिंगाला दिला. निळा म्हणजे 'हा', नारिंगी म्हणजे 'ही', पांढरा म्हणजे 'हे'. लाल आणि हिरवा मुद्दाम नाही घेतला, काही मुलग्यांना ते दोन रंग वेगळे दिसत नाहीत. निळा आणि नारिंगी का, तर होडी रंगवून उरलेला ऑइलपेंट घरात तेवढाच होता.

[दृश्य: पाटावर त्रिकोण मांडले जातात]

आता एक वाक्य पूर्ण बघूया, आम्ही मध्ये कट केलेला नाही.

बाई म्हणतात, "काकाने सुरमई आणली." पोरगा तेच म्हणतो, एका शब्दाला एक बोट पाटावर आपटत. तीन शब्द, तीन बोटं. मग काकासाठी निळा त्रिकोण. सुरमईसाठी नारिंगी. आता परत म्हणतो "काका... ने", आणि 'ने' म्हणताना...

[आवाज: टक्]

...हे. नारळाची अर्धी करवंटी, घासून गुळगुळीत केलेली. प्रत्यय लागला की शब्दावर करवंटी पालथी. त्रिकोण झाकला, रंग दिसेनासा झाला.

बाई एकच प्रश्न विचारतात. "उघडं काय राहिलं?"

सुरमई. नारिंगी. मग क्रियापदाचा गोलही नारिंगीच उचलायचा. गोल हातात घेऊन पोरगा म्हणतो "आणली", शेवटचा 'ई' लांबवून, आणि त्याच वेळी ताटातल्या वाळूत बोटाने दुसरी वेलांटी काढतो. ऐकणं, बोलणं आणि बोट, तिन्ही एका दमात. त्यानंतर वही, आणि वहीत ते वाक्य एकदाच. वीसदा नाही.

व्याकरणाच्या पुस्तकात याला कर्मणी प्रयोग म्हणतात. कर्त्याला 'ने' लागला की क्रियापद कर्त्याचं ऐकत नाही, कर्माचं ऐकतं. पोराला हे नाव माहीत नाही आणि आत्ता गरजही नाही. त्याला एवढंच कळलंय की करवंटीखाली जो गेला त्याचं क्रियापदाशी काही देणंघेणं नाही. आणि म्हणूनच 'ने' लिहायचा राहत नाही, कारण करवंटी ठेवली नाही तर दोन रंग उघडे राहतात आणि गोल कुठला उचलायचा तेच कळत नाही. ज्या 'ने'ला वहीत नुसती एक मात्रा आणि एक अक्षर एवढीच किंमत होती त्याला आता वजन आहे, आवाज आहे.

[दृश्य: मांजर पडवीत शिरतं, आई हाकलते, बाई हसून तेच वाक्य घेतात]

हे ठरवून केलेलं नव्हतं, मांजर खरंच आलं. "आईने मांजराला हाकललं." आईवर करवंटी. मांजरावर 'ला', म्हणजे त्याच्यावरही करवंटी. आता उघडं काय? काहीच नाही. पोरगा बाईंकडे बघतो. उघडा रंगच नसेल तर गोल पांढरा, बाई म्हणतात, हाकल-लं. हा भावे प्रयोग. आमचा कॅमेरामन बारावीपर्यंत मराठी शिकलाय, तो म्हणाला मला हे आज कळलं.

[दृश्य: पाण्याची कळशी, आजी]

चुकतं कुठे तेही दाखवतो. वाक्य होतं "आजीने पाणी भरलं." पोराने पाण्यासाठी नारिंगी उचलला. का, तर शेवटी ई आहे, सुरमईसारखा. लिंग शब्दाच्या शेपटावरून ओळखायला गेलं की पाणी फसवतं, लोणी फसवतं, हत्तीसुद्धा फसवतो. बाई चूक म्हणत नाहीत. त्रिकोण तसाच ठेवतात आणि म्हणतात, याला हाक मार. "ही पाणी... हे पाणी." कान बरोबर सांगतो. त्याच्या कानात लिंग आधीपासून पक्कं बसलंय, घरच्या बोलीतही तिन्ही लिंगं आहेत, बांगडा तिथे बांगडो होतो तरी पुल्लिंगीच राहतो. अडचण कानापासून कागदापर्यंत येताना आहे.

बोलीचा मुद्दा आलाच आहे तर एक सांगायलाच पाहिजे. मालवणी घरात "काकाने आणलं"ला "काकान हाडल्यान" म्हणतात. एखाद्या पोराने वहीत 'आणल्यान' लिहिलं तर तो डिस्लेक्सिया नाही, ती त्याच्या घरची भाषा आहे, आणि ती चूकही नाही. हा पोरगा मात्र 'आणल' लिहितो, जे ना बोलीत आहे ना पुस्तकात, आणि फळ्यावरून बघून उतरवतानाही शेवटची खूण गाळतो. फरक तिथे दिसतो. कृपा करून बोलीला आजार समजू नका.

आणि रंग म्हटलं की लोक विचारतात, ते पानावर रंगीत प्लास्टिक ठेवून वाचतात तसं का? नाही. त्याने वाचन सुधारतं असा भक्कम पुरावा नाही. इथे रंग डोळ्यासाठी नाहीये, रंग म्हणजे माहिती आहे, 'हा ही हे' लक्षात धरून ठेवायचं ओझं डोक्यातून काढून पाटावर ठेवलंय एवढंच.

[दृश्य: तुकडे पालथे, सगळे बिनरंगाचे]

तिसऱ्या आठवड्यात एक घोळ झाला. पोरगा भराभर बरोबर गोल उचलायला लागला, पण वही उघडली की परत 'आणल'. रंगाला रंग जुळवत होता, वाक्य ऐकतच नव्हता. बाईंनी तुकडे उलटे केले, मागची बाजू साधं लाकूड, आणि म्हणाल्या, गोलाचा रंग आता तू तोंडाने सांग. वेग एकदम कमी झाला, पण वहीत शेवटच्या खुणा आल्या. तेव्हापासून तुकडे हळूहळू कमी करतायत, आधी लाकूड, मग शब्दाखाली रंगीत पेन्सिलची रेघ, मग शब्दावर पेन्सिलने नुसता छोटा त्रिकोण आणि गोल, आणि शेवटी काहीच नाही. परीक्षेत करवंटी नेता येत नाही ना.

[दृश्य: नोव्हेंबरची वही, जूनच्या वहीशेजारी]

ही नोव्हेंबरची वही. दहा वाक्यांत आठ ठिकाणी शेवट बरोबर. अनेकवचन अजून घेतलेलं नाही, आणि पाठ्यपुस्तकात 'आणलं'च्या जागी 'आणले' छापलेलं असतं तिथे तो अडतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिस्लेक्सिया येतो, सवलतींचे कागद घरच्यांनी सुरू केलेत.

[दृश्य: संध्याकाळ, पाट, फक्त दोघांचे हात]

शूटिंगच्या शेवटच्या दिवशी बाईंनी नवीन वाक्य दिलं. "मी सुरमई आणली."

पोराने 'मी' ठेवला, सुरमई ठेवली. करवंटी उचलली आणि थांबला. 'मी'ला 'ने' ऐकूच येत नाही. पण मग गोल 'आणली' म्हणतोय, म्हणजे नारिंगी, म्हणजे 'मी' झाकलेला असला पाहिजे. बराच वेळ करवंटी हातातच होती. मग त्याने ती 'मी'वर ठेवली, आवाज न करता, हळूच.

बाई म्हणाल्या, "बरोबर. हिला आवाज नसतो."

लगेच पुढचं वाक्य, "ताई चहा प्यायली." ताई नारिंगी, चहा निळा, आणि 'ने' कुठेच नाही. दोन्ही उघडे. पोराने दोन्ही गोल उचलले, एक या हातात, एक त्या हातात, आणि टायमर वाजला.