कुलकर्णी : गावच्या दप्तरातून घराच्या दारावर

[दृश्य : मोडी लिपीतला जुना कागद, कॅमेरा हळूहळू तळाशी]

जुन्या काळी गावचा निवाडा झाला की त्याचा कागद व्हायचा आणि तळाशी हक्कदारांच्या खुणा उमटायच्या. पाटलाची खूण नांगराची. म्हणून अशा कागदांवर 'निशाणी नांगर' असे शब्द भेटतात. पण मजकूर लिहायला लेखणी चालवणारा माणूस लागतोच. गावात हे काम वंशपरंपरेनं ज्याच्याकडे होतं, तो कुलकर्णी.

कोणाच्या नावावर कोणती जमीन, यंदा त्यात काय पेरलं, किती सारा बसला, किती वसूल झाला, बाकी कोणाकडे राहिली, हे सगळं त्याच्या दप्तरात असे. दप्तर म्हणजे रुमालात बांधलेले कागदांचे गठ्ठे. वसुलीची जबाबदारी पाटलाची, तिचा हिशेब कुलकर्ण्याचा. परगण्याच्या पातळीवर हीच जोडी देशमुख आणि देशपांडे या नावांनी दिसते. तीही आज आडनावंच आहेत.

[दृश्य : वाड्याची पडकी भिंत, ओसरी]

एका गावाला एक कुलकर्णी पुरत होता. मग आज इतके कुलकर्णी आले कुठून?

याचं उत्तर वतनात आहे. कुलकर्णीपण ही नोकरी नव्हती, ती वडिलोपार्जित मालमत्ता होती. तिच्याबरोबर इनाम जमीन किंवा ठरलेले हक्क येत. बापाला तीन मुलगे असले, तर शेताच्या वाटण्या होतात तशा वतनाच्याही तक्षिमा पडत. दप्तर मात्र एकच. मग भाऊ पाळी लावत : यंदा थोरल्यानं काम पाहायचं, पुढच्या वर्षी मधल्यानं. त्या तिघांना तीन-तीन मुलगे झाले की नऊ तक्षिमदार. काम करणारा कोणत्याही वर्षी एकच, पण कुलकर्णी म्हणवून घेण्याचा हक्क नवांचा. वतनदार अज्ञान असला किंवा परगावी असला, तर त्याच्या वतीनं मुतालिक काम पाही. त्या बदली माणसाच्या हुद्द्याचंही पुढे आडनाव झालं!

आणि हे गावोगाव, वेगवेगळ्या घराण्यांत, स्वतंत्रपणे घडलं. सर्वांचा मिळून कुणी एक मूळपुरुष नाही. समर्थ रामदासांचं उदाहरण घ्या. घराणं ठोसरांचं, गाव आजच्या जालना जिल्ह्यातलं जांब, आणि वडील सूर्याजीपंत गावचे कुलकर्णी. म्हणजे आडनाव ठोसर आणि हुद्दा कुलकर्णी, दोन्ही एकाच घरात नांदत होते. पुष्कळ घरांत पुढे हुद्दाच उरला आणि मूळचं उपनाव मागे पडलं. क्रांतिसिंह नाना पाटलांचं मूळ आडनाव पिसाळ, हे आज किती जणांना ठाऊक असतं? पाटीलकी तर अनेक जातींकडे होती, त्यामुळे पाटील या आडनावावरून जात ओळखता येत नाही. कुलकर्णीपण देशावर बहुतेक ब्राह्मणांकडे असलं, तरी काही गावांत ते प्रभूंकडे होतं. उत्तर कर्नाटकात कन्नड बोलणारे कुलकर्णीही भेटतात.

[दृश्य : तलाठी कार्यालय, सातबाराचा उतारा]

इंग्रजी अमलात सरकारी कागदांवर आणि शाळेच्या दाखल्यावर जे आडनाव लागलं, ते पक्कं झालं. हुद्दा मात्र सुटत चालला होता. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1918 मध्ये कुलकर्णी वतनं रद्द करून पगारी तलाठी नेमले. एका घराण्याच्या हातात गावचे कागद पिढ्यान् पिढ्या राहिले की अडाणी रयतेला त्याची झळ बसते, हे त्यामागचं कारण होतं. ते खरंच होतं, आणि कुलकर्ण्यांच्या वंशजांनीही ते मोकळेपणानं मान्य करायला हवं. मुंबई राज्यात कुलकर्णी वतनं 1950 च्या कायद्यानं संपली.

[दृश्य : त्र्यंबकेश्वर, उपाध्यायांच्या लांबट वह्या]

मग आपलं जुनं उपनाव शोधायचं कसं? नुसतं 'कुलकर्णी' म्हणून विचारलं तर हाती काही लागत नाही. क्षेत्रोपाध्याय आधी मूळ गाव विचारतात, कारण त्यांच्या वह्यांत त्याच्याच आधारे पुढचा शोध लागतो. पूर्वी कुणी यात्रेला आलं असेल, तर त्याच्या हातची नोंद मिळू शकते : आजोबा-पणजोबांची नावं, कधी उपनावही. ते गोत्राशी आणि कुलदैवताशी ताडून पाहायचं. दोन्ही जुळली तर भाऊबंदकीची शक्यता आहे. गाव एकच पण गोत्र निराळं निघालं, तर वतन विकलं गेलं किंवा दुसऱ्या घराकडे गेलं होतं का, हे पाहावं लागतं. त्यासाठी पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दप्तर आहे. तिथले मराठी कागद मोडीत आहेत, तेव्हा आधी मोडी शिकायची किंवा ती वाचणारा जाणकार सोबत घ्यायचा.