मागचं बाळंतपण लवकर झालं असेल तर: प्रोजेस्टेरॉन कुणाला आणि कसं

नमस्कार श्रोतेहो.

मागच्या खेपेला दिवस भरायच्या आत बाळंतपण झालं, बाळाला काही आठवडे काचेच्या पेटीत ठेवावं लागलं, आणि आता पुन्हा दिवस राहिले आहेत. अशी बाई तपासायला आली की पहिल्याच चिठ्ठीवर बऱ्याचदा प्रोजेस्टेरॉन लिहिलं जातं. कुणाला दर आठवड्याचं इंजेक्शन, कुणाला तोंडाने घ्यायची गोळी, कुणाला आतून ठेवायची. तिघींना तीन तऱ्हा मिळाल्या की शेजारणी-शेजारणींत चर्चा सुरू होते, की खरं औषध नेमकं कोणतं. आज त्याबद्दलच बोलू या.

प्रोजेस्टेरॉन हे बाईच्या शरीरात तयार होणारंच संप्रेरक आहे. गरोदरपणात ते गर्भाशयाच्या स्नायूंना शांत ठेवतं आणि पिशवीचं तोंड वेळेआधी मऊ पडून आखूड होऊ देत नाही. हे तोंड म्हणजे खरं तर एक छोटी नळी असते. गरोदरपणाच्या मध्यावर तिची लांबी साधारण साडेतीन ते चार सेंटिमीटर भरते. काही बायकांत ती कळा न येता, काही दुखत नसताना, आतल्या बाजूने आखूड होत जाते. प्रोजेस्टेरॉनचा उपयोग मुख्यतः याच टप्प्यावर होतो.

म्हणून औषधाआधी एक चौकशी हवी: मागचं बाळंतपण लवकर झालं ते कशामुळे? आपोआप कळा सुरू झाल्या किंवा पाणी गेलं आणि मूल झालं, तर या औषधाचा विचार करायचा. पण रक्तदाब फार वाढला, बाळाची वाढ खुंटली, म्हणून डॉक्टरांनीच आठव्या महिन्यात सिझेरियन केलं असेल, तर ती गोष्ट वेगळी. तिथे पिशवीच्या तोंडाचा दोष नव्हता, त्यामुळे प्रोजेस्टेरॉन देऊन काही साधत नाही. अशा बाईला या खेपेस तिसरा महिना संपताना कमी मात्रेची ॲस्पिरिन सुरू करायची का, हे डॉक्टरांना विचारायला हवं. दोघींच्याही कागदावर ‘अपुऱ्या दिवसांचं मूल’ एवढंच लिहिलेलं असतं. म्हणून मागच्या दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड हरवू नका. किती आठवड्यांना बाळंतपण झालं आणि सुरुवात कशाने झाली, ही दोन उत्तरं मला त्यातून हवी असतात.

आता इंजेक्शनाविषयी. २००३ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मागे आपोआप लवकर बाळंतपण झालेल्या बायकांना हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन कॅप्रोएट हे २५० मिलिग्रॅमचं इंजेक्शन दर आठवड्याला दिलं गेलं. नुसतं तेल टोचलेल्या गटात शंभरातल्या ५५ जणी ३७ आठवड्यांच्या आत बाळंत झाल्या, औषधाच्या गटात ३६. फरक मोठा होता. २०११ मध्ये त्या इंजेक्शनाला तिथे तात्पुरत्या अटीवर मान्यता मिळाली. अट अशी, की आणखी एक मोठा अभ्यास करून फायदा पुन्हा दाखवायचा. तो सतराशेहून जास्त बायकांवर झाला, २०१९ मध्ये निकाल आला, आणि दोन्ही गट जवळपास सारखेच निघाले: ३५ आठवड्यांच्या आत बाळंत होणाऱ्या एका गटात ११ टक्के, दुसऱ्यात साडेअकरा. एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यता काढून घेतली.

दोन अभ्यासांत इतका फरक का पडला, यावर अजून वाद आहे. पहिल्या अभ्यासातल्या बायकांचा धोकाच फार जास्त होता, हे एक कारण दिलं जातं. मला पटतं ते एवढंच, की मागचा इतिहास आहे म्हणून सरसकट प्रत्येकीला दर आठवड्याला टोचायला आता आधार उरलेला नाही. आपल्याकडे ते इंजेक्शन अजून लिहिलं जातं. तुमच्या चिठ्ठीवर असेल तर घाबरू नका, भांडू नका, पण ‘पिशवीच्या तोंडाची लांबी मोजायची का?’ एवढं जरूर विचारा.

कारण आज निवड होते ती त्या लांबीवरून. एक उदाहरण घेते. दोन-तीन जणींचे तपशील एकत्र करून सांगते आहे, म्हणजे कुणाची ओळख लागायला नको.

पहिलं मूल ३१ आठवड्यांना झालेलं. कळा आपोआप आल्या होत्या. आता दुसरी खेप. आधी तिसऱ्या महिन्यातल्या सोनोग्राफीवरून तारखा पक्क्या केल्या, कारण आठवडा चुकला तर पुढचं सगळं चुकतं. मग सोळाव्या आठवड्याला आतून सोनोग्राफी. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत ही लांबी भरवशाने मोजता येत नाही. आणि त्या वेळी लघवी करून यायचं असतं. भरलेली लघवीची पिशवी गर्भपिशवीच्या तोंडावर दाबते आणि ते आहे त्यापेक्षा लांब दिसतं. बायका बाहेर बाटलीभर पाणी पिऊन बसलेल्या असतात, त्यांना हे सांगावं लागतं. तपासणीने बाळाला धक्का लागत नाही.

सोळाव्या आठवड्याला तिची लांबी ३६ मिलिमीटर आली. औषध काही दिलं नाही, दोन आठवड्यांनी बोलावलं. अठराव्याला ३१. विसाव्याला २२. पंचवीसच्या खाली गेलं की आम्ही जागे होतो. इथे दोन रस्ते होते: रोज रात्री आतून प्रोजेस्टेरॉन, किंवा पिशवीच्या तोंडाला टाका. मागचा इतिहासही आहे आणि तोंडही आखूड झालंय, अशा बाईला ब्रिटनची मार्गदर्शक तत्त्वंसुद्धा दोन्ही पर्याय समोर ठेवायला सांगतात. टाक्यासाठी भूल द्यावी लागते. तिने औषध निवडलं. दर दोन आठवड्यांनी मोजणी चालू ठेवायची आणि तोंड आणखी आखूड होत गेलं तर टाक्याचा पुन्हा विचार करायचा, असं ठरलं.

आणि ज्यांची लांबी चोविसाव्या आठवड्यापर्यंत तीसच्या वरच राहते, त्यांचं काय? त्यांना मागचा इतिहास असूनही औषधाचा फायदा ठामपणे सांगता येत नाही. काही डॉक्टर तरीही देतात, काही देत नाहीत. दोन्ही बाजूंना जाणकार माणसं आहेत. जुळी असतील तर मात्र सरसकट औषध देऊन उपयोग होत नाही, हे बऱ्यापैकी स्पष्ट झालं आहे.

औषध द्यायचं ठरलं, की मात्रा साधी असते: २०० मिलिग्रॅमची मऊ कॅप्सूल, रोज रात्री झोपताना, योनीमार्गात. हात साबणाने धुवायचे, पाठीवर आडवं होऊन गुडघे वर घ्यायचे, आणि बोटाने कॅप्सूल जाईल तितकी आत सरकवायची. मग उठायचं नाही, झोपूनच जायचं. हीच कॅप्सूल गिळायलाही चालते असं पाकिटावर दिसतं, आणि संकोचापोटी काही जणी गिळतात. गिळलेलं औषध बरंचसं यकृतात मोडून जातं, चक्कर आणि झोप मात्र भरपूर येते. आतून ठेवलं तर ते थेट गर्भाशयापाशी पोचतं.

सकाळी पांढरट, तेलकट स्राव अंगावर जातो. तो कॅप्सूलमधला तेलाचा भाग असतो. आमच्या या बाईने तो पाहिला, सासूबाईंना सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, अंगावरून जायला लागलंय, औषध बाधलं तुला,’ आणि चार रात्री औषध बंद. बाधलं नव्हतं. लाज वाटून हे कुणी आधी बोलत नाही, म्हणून मी पहिल्याच दिवशी घरच्यांसमोर सांगायला लागले. स्राव पाण्यासारखा पातळ असेल, कपडा भिजत असेल, रक्त असेल किंवा खाज आणि दुर्गंधी असेल, तर मात्र लगेच दाखवायचं. काही कॅप्सूलमध्ये शेंगदाण्याचं तेल असतं, म्हणून दाण्याची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. कावीळ, यकृताचा आजार किंवा पायात रक्ताची गाठ होऊन गेली असेल, तर तेही.

औषध तुटायची दुसरी वेळ म्हणजे सातवा महिना. डोहाळेजेवण होतं, मुलगी माहेरी जाते, फाइल सासरी राहते. तिथले डॉक्टर नवे, कॅप्सूल संपलेली, आणि ‘आता सातवा लागला, धोका टळला’ असा समज. औषध किमान ३४ आठवड्यांपर्यंत चालू हवं, बरेच डॉक्टर ३६ पर्यंत नेतात. सातवा लागतो तेव्हा अजून दोन महिने शिल्लक असतात. माहेरी जाताना महिन्याभराच्या कॅप्सूल आणि लांबीच्या सगळ्या नोंदी बरोबर न्या. सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही, असं जुनी माणसं म्हणतात, ते खरं नाही. पोटात राहिलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या फुप्फुसांच्या कामी येतो.

आणि पलंगाला खिळून राहायची गरज नाही. महिनोन् महिने पडून राहिल्याने बाळंतपण लांबतं असं दिसलेलं नाही, पायात गाठी होण्याचा धोका मात्र वाढतो.

फायदा किती होतो, तेही सांगते. तोंड १० ते २० मिलिमीटर इतकं आखूड झालेल्या बायकांच्या एका मोठ्या अभ्यासात, ज्याचा निकाल २०११ मध्ये आला, औषधाविना शंभरातल्या सोळा जणी ३३ आठवड्यांच्या आत बाळंत झाल्या, औषध घेतल्यावर नऊ. त्यांतल्या बहुतेकींना मागचा इतिहास नव्हता, हे लक्षात ठेवून आकडे ऐका. म्हणजे औषध घेऊनही काहींना लवकर होतंच. आमची बाई ३७ आठवडे उलटून बाळंत झाली, बाळ अडीच किलोचं. ते कॅप्सूलमुळेच, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. तिला न देताही कदाचित तसंच झालं असतं.

औषध चालू असताना कळा आल्या, पाठीत राहून राहून दुखू लागलं किंवा पाणी गेलं, तर जास्तीची कॅप्सूल ठेवून वाट पाहू नका. सुरू झालेल्या कळा हे औषध थांबवत नाही. नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग असलेल्या दवाखान्यात तडक जा. तिथे बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात आणि ती बाळंतपणाआधी मिळायला हवीत. असा दवाखाना आपल्या घरापासून किती दूर आहे आणि रात्री गाडी कुणाची मिळेल, हे पाचव्या महिन्यातच विचारून ठेवा.