रुसणं म्हणजे राग नव्हे

(एका भाषागटासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मागच्या आठवड्यात माझी भाची रुसली. सहा वर्षांची आहे. आई तिला न घेता भाजी आणायला गेली, एवढंच कारण. दाराकडे पाठ करून कोपऱ्यात बसली, जेवायला हाक मारली तर ढिम्म. घरी एक पाहुणे होते, त्यांना मराठी येत नाही, ते म्हणाले, "इज शी अँग्री?" मी तोंड उघडलं आणि अडकलो, कारण अँग्री नव्हती ती, आणि सॅडही नव्हती. "सल्क" आठवला, पण सल्क म्हटलं की त्यात एक नापसंती येते, पोर उगाच तोंड फुगवून बसलंय अशी. रुसण्यात ती असतेच असं नाही. रुसलेल्याचं आपण कौतुकही करतो की.

तर आजचा विषय हाच. भावनेच्या शब्दाचा अर्थ दुसऱ्या भाषेतल्या भावनेच्या शब्दानं सांगायला गेलं की अर्थ निसटतो, मग सांगायचा कशानं?

आना व्हिएझ्बित्स्का नावाच्या पोलिश भाषाशास्त्रज्ञ आहेत, पोलंडहून ऑस्ट्रेलियात गेल्या, तिथे कॅनबेरात काम केलं. त्यांचं म्हणणं असं की प्रत्येक भाषेत काही शब्द असे असतात की त्यांची आणखी फोड करता येत नाही. मी, तू, कोणी, काहीतरी, चांगलं, वाईट, करणं, होणं, माहीत असणं, हवं असणं, कारण, आधी, नंतर, असे. याला सिमँटिक प्राइम म्हणतात, आपण मूळ अर्थ म्हणू. 1972 च्या पुस्तकात त्यांनी 14 धरले होते, पुढे क्लिफ गॉडर्ड वगैरे लोकांबरोबर काम करत यादी 65 पर्यंत आली. एवढेच शब्द आणि त्यांची साधी वाक्यरचना घेऊन जी छोटी भाषा बनते ती नॅचरल सिमँटिक मेटालँग्वेज. व्याख्या त्याच भाषेत लिहायची, म्हणजे ती इंग्रजीच्या किंवा मराठीच्या चष्म्यातून जात नाही, निदान कमी जाते.

भावनांच्या बाबतीत त्यांचा मुख्य आक्षेप असा, की मानसशास्त्रज्ञ अँगर, सॅडनेस, फिअर अशा "मूळ भावना" मोजतात, पण हे तर इंग्रजी शब्द! सगळ्या माणसांच्या आत नेमके इंग्रजीचेच खण असतील असं का धरायचं? उदाहरण घ्या. मायक्रोनेशियात इफालुक नावाचं एक चिमुकलं बेट आहे, तिथे कॅथरिन लुट्झ या मानववंशशास्त्रज्ञ राहिल्या होत्या. तिथला एक शब्द आहे "सोंग" (आपल्या सोंगाशी काही संबंध नाही हं). लुट्झनी त्याचं भाषांतर केलं, रास्त राग. व्हिएझ्बित्स्का म्हणाल्या, थांबा, अँगरमध्ये समोरच्याचं काही वाईट करावं अशी इच्छा असते, इथे ती कुठेय? सोंग झालेला माणूस बोल लावतो, तोंड फुगवतो, जेवण सोडतो, समोरच्याला आपली चूक कळावी म्हणून. जेवण सोडतो म्हटल्यावर मला आमचं घरच आठवलं.

आता रुसणं आपण स्वतः करून बघू, म्हणजे व्याख्या. माझा पहिला प्रयत्न असा होता:

कोणीतरी असा विचार करतो:
"या माणसाने काहीतरी वाईट केलं
म्हणून मला वाईट वाटतं
मला या माणसाशी बोलायचं नाही"

हे दोन ठिकाणी कोसळतं. एक, भाचीच्या आईनं वाईट काहीच केलं नव्हतं, ती भाजी आणायला गेली होती. म्हणजे "वाईट केलं" नाही, "मला नको होतं ते केलं" किंवा "हवं होतं ते केलं नाही". आपल्याकडे "नको" हा वेगळाच शब्द आहे आणि यादीतही "नको" स्वतंत्र धरलाय, तेव्हा इथे मराठीचं बरं जमलं.

दुसरी अडचण "वाईट वाटतं". यात मराठी फसवते. "मला वाटतं तो येईल" यातलं वाटणं म्हणजे विचार, "मला बरं वाटतंय" यातलं म्हणजे भावना, आणि यादीत हे दोन वेगळे मूळ अर्थ आहेत. ते आसपासच्या वाक्यावरून वेगळे काढता येतात, पण "मला वाईट वाटलं" हे तर अख्खंच एका ठरावीक दुःखाचं नाव होऊन बसलंय. म्हणून "काहीतरी वाईट वाटतं" असं लिहायचं, कानाला जरा विचित्र लागतं पण चालवून घ्या. सुधारून असं झालं:

कोणीतरी असा विचार करतो:
"या माणसाला माझ्याबद्दल काहीतरी चांगलं वाटतं, मला हे माहीत आहे
या माणसाने एक गोष्ट केली, मला ती नको होती
म्हणून मला आता काहीतरी वाईट वाटतं
या माणसाला हे माहीत असावं असं मला हवं आहे
मला हे सांगायचं नाही
या माणसाने आता माझ्यासाठी काहीतरी करावं असं मला हवं आहे
त्याच्या आधी मला या माणसाला काही म्हणायचं नाही"
असा विचार करणाऱ्याला जसं वाटतं तसं याला वाटतं

शेवटची ओळ महत्त्वाची आहे बरं का. पोरगी मनात हे सगळं शब्दाशब्दानं म्हणत होती असा दावा नाही. असा विचार करणाऱ्याला जसं वाटेल तसं तिला वाटत होतं, एवढंच.

आता तपासायचं कसं, तर एकेक ओळ काढून बघायची. पहिली ओळ काढा, मग मी बँकेतल्या क्लार्कवरही रुसू शकेन. पण "मी क्लार्कवर रुसलो" म्हटलं की लोक हसतात, चिडलो म्हणावं लागतं. "सांगायचं नाही" काढा, मग भांडण उरतं. आणि "माझ्यासाठी काहीतरी करावं" काढलं तर नुसता अबोला उरेल. रुक्मिणी रुसून दिंडीरवनात आली आणि देव तिला शोधत मागे आला, ही पंढरपूरची गोष्ट त्या एका ओळीवरच तर उभी आहे.

मला सगळ्यात आवडलेला पुरावा पावसाचा. पाऊस आला नाही की आपण म्हणतो पाऊस रुसला. महापूर आला की कधी रुसला म्हणतो का? तेव्हा निसर्ग कोपला. कोपणारा काहीतरी वाईट करून जातो, आणि रुसणारा आपला माणूस असतो, तो फक्त यायचा थांबतो. व्याख्येत "या माणसाचं काही वाईट करायचंय" ही ओळ नाहीये, ती का नाही ते इथे दिसतं.

याला मर्यादाही आहेत. तुम्ही दहा जणांनी रुसण्याची व्याख्या लिहिली तर दहा वेगळ्या निघतील, आणि कुठली बरोबर हे ठरवायला यंत्र नाही, वापरातली वाक्यं लावून बघत राहायचं एवढंच हातात असतं.

हे इथवर बोलून झालं आणि दुसऱ्या रांगेतल्या एक आजी म्हणाल्या, "अहो, लटका रुसवा विसरलात की. त्यात वाईट कुठं वाटतं?" मी फळ्यासमोर उभाच. आजींचं खरंच होतं. मग तिथेच तिसरी ओळ पुसली आणि लिहिलं, "मला काहीतरी वाईट वाटतं असा विचार या माणसाने करावं". आजी म्हणाल्या, "करावा. विचार करावा." तेही दुरुस्त केलं.