एचयूएफ सुरू करताना पैसा कुठून आला आणि बंद करताना तो कुठे गेला

(पार्ल्यातल्या एका सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन, थोडं संपादित)

नमस्कार मंडळी. गेली बावीस वर्षं मी सीए म्हणून काम करतेय, आणि दर मार्चमध्ये माझ्या ऑफिसात कुणीतरी येऊन म्हणतं, मॅडम, आम्हाला एचयूएफ काढायचंय, टॅक्स वाचतो म्हणे. मी विचारते, त्यात पैसा कुठून टाकणार? की समोरचा गप्प होतो. तर आज त्या एका प्रश्नावरच बोलायचंय, कारण एचयूएफचं सगळं भवितव्य तिथेच ठरतं.

आधी एक गोष्ट. एचयूएफ, म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब, आपण स्टॅम्पपेपरवर लिहून जन्माला घालत नाही. लग्न झालं, कुटुंब झालं, की कायद्याच्या नजरेत ते आहेच. आपण डीड करतो ते फक्त कर्ता म्हणजे कुटुंबप्रमुख कोण, सभासद कोण हे लिहून ठेवायला, मग त्यावर पॅन काढायचं, कर्त्याच्या सहीने बँकेत एचयूएफच्या नावाचं खातं उघडायचं, झालं. जैन, शीख, बौद्ध कुटुंबांनाही टॅक्सपुरता हा दर्जा मिळतो. आठ-पंधरा दिवसांचं काम आहे, त्यात काही अडत नाही. अडतं ते त्या खात्यात पहिला चेक कुणाचा पडतो तिथे.

एक घर सांगते, नाव नको, तपशील थोडे बदललेत. गिरगावात आजोबांचा एक गाळा, भाडं महिना ३० हजार. मुलगा दादरला राहतो, चांगल्या पगारावर, ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये. आजोबांनी मृत्युपत्रात स्पष्ट लिहिलं की हा गाळा माझ्या मुलाला एकट्याला नाही, त्याच्या एचयूएफला, म्हणजे तो, सून, नातू, नात या कुटुंबाला. आता हिशोब बघा. वर्षाचं भाडं ३ लाख ६० हजार, म्युनिसिपल टॅक्स सोडून देऊ, त्यातून ३० टक्के घरभाड्याची ठराविक वजावट १ लाख ८ हजार, राहिले २ लाख ५२ हजार. हे एचयूएफचं वेगळं उत्पन्न, नवीन रिजीममध्ये ४ लाखांपर्यंत टॅक्स शून्य, म्हणून टॅक्स शून्य. हेच मुलाच्या पगारात मिळालं असतं तर ३० टक्क्यांनी ७५,६०० आणि वर ४ टक्के सेस, म्हणजे ७८,६२४ रुपये दरवर्षी गेले असते. मृत्युपत्राने किंवा वारशाने आलेल्या मालमत्तेवर गिफ्टचा टॅक्सही लागत नाही.

आता समजा आजोबांनी मृत्युपत्र केलंच नसतं. बरेच लोक म्हणतात, वडिलोपार्जित आहे ना, मग आपोआप एचयूएफचं. नाही हो. वडिलांची स्वतःची मालमत्ता हिंदू वारसा कायद्याच्या कलम ८ प्रमाणे मुलाकडे आली तर ती त्याची वैयक्तिक, हे सुप्रीम कोर्टाने १९८६ साली चंदर सेनच्या केसमध्ये सांगून टाकलंय. म्हणजे मृत्युपत्रातली ती एक ओळ, "एचयूएफला", वर्षाला ७८ हजारांची आहे.

याच गृहस्थांच्या धाकट्या भावाने काय केलं? स्वतःच्या बचतीतले २० लाख आपल्या एचयूएफच्या खात्यात टाकले आणि एफडी केली. ७ टक्क्यांनी व्याज १ लाख ४० हजार, रिटर्न एचयूएफचा भरला, टॅक्स शून्य, खूश. दोन वर्षांनी नोटीस. कारण कलम ६४ (२): सभासदाने स्वतःची मालमत्ता कुटुंबात टाकली तर तिचं उत्पन्न त्याच्याच उत्पन्नात धरतात. त्या १ लाख ४० हजार व्याजाचं पुढे जे व्याज येईल, साधारण ९,८०० रुपये, ते मात्र एचयूएफचं. म्हणजे फायदा आहे, पण इतकाच. (मी इथे १९६१च्या कायद्याचे नंबर सांगतेय, १ एप्रिल २०२६पासून २०२५चा नवा कायदा लागू, त्यात नंबर बदललेत.)

आणि कुणी म्हणेल मग सासऱ्यांकडून, मित्राकडून घेऊ. एचयूएफसाठी "नातेवाईक" म्हणजे फक्त त्या एचयूएफचे सभासद. बाहेरच्यांकडून वर्षाला एकूण ५० हजारांच्या वर आलं तर सगळी रक्कम करपात्र, फक्त वरचे नाही.

दुसरं एक, १२ लाखांपर्यंत टॅक्स नाही असं जे ऐकता ना, ती ८७ए ची सूट फक्त व्यक्तीला आहे, एचयूएफला नाही. एचयूएफचं उत्पन्न ४ लाखांच्या वर गेलं की टॅक्स सुरू. पगारही एचयूएफमध्ये वळवता येत नाही, तो तुमच्या कष्टाचा.

आता शेवटाकडे येऊ, कारण तिथे मी लोकांना रडताना बघितलंय. वर्षं गेली, गिरगावच्या गाळ्याचं भाडं साठून एचयूएफकडे १६ लाखांची एफडी झाली. दादरच्या त्या मुलाची, म्हणजे कर्त्याची, मुलगी लग्न होऊन पुण्याला. कर्ता म्हणाले, आता वाटून टाकू. वाटा कुणाकुणाचा? मुलगी लग्नानंतरही सहदायाद, म्हणजे जन्मानेच वाटेकरी आहे, महाराष्ट्रात तर केंद्राच्या २००५च्या आधी १९९४ साली दुरुस्ती झाली होती. आई वाटणी मागू शकत नाही, पण बाप-मुलांची वाटणी झाली की आपल्याकडे तिलाही समान हिस्सा मिळतो. म्हणून चार हिस्से.

त्यांनी काय केलं, एफडी मोडून प्रत्येकी ४ लाख घेतले, गाळा तसाच एचयूएफमध्ये ठेवला, आणि मुलांनी आपापल्या नावाने व्याज दाखवायला सुरुवात केली. ही झाली अर्धवट वाटणी. ३१ डिसेंबर १९७८ नंतरची अर्धवट वाटणी इन्कम टॅक्स मानतच नाही, खात्याच्या दृष्टीने ते १६ लाख अजून कुटुंबाचेच, त्यांचं व्याजही कुटुंबाचंच. माझ्याकडे आले तेव्हा तीन वर्षांचे रिटर्न चुकलेले होते. मुलगी मला फोनवर सारखी विचारत होती, "ताई, पैसे माझ्या खात्यात आहेत, टॅक्स मी भरलाय, मग चूक कुठे?" तिची चूक नव्हतीच, तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मग नीट केलं. गाळा तुकड्यात कापता येत नाही, तिथे जशी वाटणी शक्य आहे तशी करायची, म्हणून गाळा कर्त्याच्या मुलाच्या नावे, त्याने इतरांना हिशोबाने पैसे दिले, पार्टिशन डीड रजिस्टर केलं, एकही वस्तू कुटुंबाच्या नावे उरू दिली नाही. मग कलम १७१ खाली असेसिंग ऑफिसरकडे संपूर्ण वाटणीचा दावा. तो सगळ्या सभासदांना नोटीस देतो, चौकशी करतो, आणि अमुक तारखेला वाटणी झाली असा आदेश काढतो. तो आदेश येईपर्यंत एचयूएफ टॅक्ससाठी जिवंत, तुम्ही रिटर्न भरणं थांबवलं म्हणून संपत नाही. वाटणीच्या तारखेपर्यंतच्या टॅक्सला सगळे सभासद एकत्र आणि वेगवेगळेही जबाबदार. वाटणीवर कॅपिटल गेन मात्र लागत नाही, आणि पुढे मुलगा गाळा विकेल तेव्हा जुनी खरेदीची किंमत आणि जुनी मालकीची मुदत त्याच्याकडे येते.

समोरून एका काकांनी विचारलंय, कर्ता गेला तर संपतं का? नाही काका, पुढचा थोरला सहदायाद कर्ता होतो, मुलगीही होऊ शकते. बँकेत कर्ता बदलायचा अर्ज द्या, पॅन तेच राहतं, नवीन काढू नका.